रुग्णालयाचा प्राथमिक संरचना अहवाल : चौकटीची निवड, मजल्याचे कंपन आणि पुढच्या बदलांची सोय – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा अहवाल नेमका कोणत्या टप्प्यावर लिहिला जातो आणि त्यातून काय ठरते?

वास्तुविशारदाचा पहिला आराखडा तयार झाला आहे, विभाग कोणत्या मजल्यावर बसणार हे साधारण ठरले आहे, पण एकही कॉलम पक्का झालेला नाही, अशा वेळी हा अहवाल लिहिला जातो. त्यात सळ्यांचे तपशील नसतात. कॉलममधील अंतर किती ठेवायचे, मजला कोणत्या पद्धतीच्या चौकटीवर उभा करायचा, मजल्यांची उंची किती लागेल, भूकंपाचा भार कोण घेणार आणि कोणत्या खोलीखालचा मजला किती कंप पावला तर चालेल, एवढ्याच गोष्टी त्यात ठरतात. या गोष्टी पुढे बदलायच्या झाल्या तर सगळा आराखडा पुन्हा काढावा लागतो. म्हणून पाने थोडी असली तरी विश्वस्त, डॉक्टर आणि वातानुकूलनाचे अभियंते या सर्वांनी हा अहवाल वाचलेला असावा.

पुढील उत्तरांतील आकडे कोणत्या इमारतीचे आहेत?

पुण्याजवळ बांधायचे ३०० खाटांचे सर्वसाधारण रुग्णालय आम्ही नमुना म्हणून धरले आहे. तळमजला आणि वर सात मजले, प्रत्येक मजला सुमारे २,५०० चौरस मीटर, खाली वाहनतळ आणि मध्यम कठीण जमीन असे त्याचे स्वरूप आहे. तिसऱ्या मजल्यावर शस्त्रक्रियागृहे व अतिदक्षता विभाग, त्यावर यंत्रसामग्रीचा मजला आणि त्याहून वर वॉर्ड, अशी विभागणी धरली आहे. भूकंपाचे सर्व हिशेब आयएस १८९३ (भाग १) या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे केले आहेत. या आवृत्तीत पुणे तिसऱ्या भूकंप-क्षेत्रात येते आणि रुग्णालयासाठी महत्त्व-गुणक १.५ घ्यावा लागतो, म्हणजे भूकंपाचा भार दीडपट धरावा लागतो. प्रत्यक्ष आराखडा करताना त्या दिवशी लागू असलेली आवृत्तीच घ्यावी, हे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगून ठेवतो.

कॉलममधील अंतर ८.४ मीटरच का?

हे माप बहुतेक वेळा वाहनतळ आणि वॉर्ड मिळून ठरवतात. दोन कॉलमांच्या मध्ये अडीच मीटरच्या तीन गाड्या उभ्या करायच्या तर ७.५ मीटर मोकळी जागा लागते आणि कॉलमची जाडी धरली की अंतर ८.४ मीटरच्या आसपास जाते. वर वॉर्डमध्ये याच मापाचे दोन सारखे भाग केले तर ४.२ मीटर रुंदीच्या दोन खोल्या बसतात आणि खाट आडवी वळवायला जागा उरते. बहुतेक शस्त्रक्रियागृहेही चार कॉलमांमधल्या एका चौकात मावतात. याहून मोठे अंतर मागितले जाते तेव्हा आम्ही प्रथम हे विचारतो की मधला कॉलम खरोखर कोणत्या खोलीत आडवा येतो. कारण अंतर दीड मीटरने वाढले की मजल्याच्या कंपनाचा प्रश्न दीडपट नव्हे, तर कितीतरी पटीने अवघड होतो.

कोणकोणत्या चौकटी तपासल्या आणि त्यांत फरक काय आहे?

आम्ही चार पद्धती शेजारीशेजारी ठेवल्या.

पहिली आपल्याकडची नेहमीची : कॉलमांच्या रेषांवर ७०० मिलिमीटर खोल बीम, चौकाच्या मध्ये एक दुय्यम बीम आणि वर १५० मिलिमीटरचा स्लॅब. ही चौकट कडक असते, भूकंपात लवचीक वागेल असे तपशील तिला देता येतात आणि हे काम नीट करणारे ठेकेदार सहज मिळतात. तिचा दोष छतात दिसतो. वातानुकूलनाचे मोठे डक्ट, सांडपाण्याचे उतारावरचे नळ आणि वैद्यकीय वायूंच्या नळ्या बीमखालून न्याव्या लागतात आणि त्यासाठी मजल्याची उंची ४.५ मीटरच्या आसपास ठेवावी लागते.

दुसरी फ्लॅट स्लॅबची. तिच्यात बीम नसतात आणि कॉलमच्या माथ्याशी स्लॅब जाड केलेला असतो, ज्याला आपण ड्रॉप म्हणतो. छत सपाट मिळाल्यामुळे डक्ट कोणत्याही दिशेने नेता येतात, म्हणून वातानुकूलनाच्या अभियंत्याची पहिली पसंती नेहमी हीच असते. मात्र भूकंपाचा भार अशा चौकटीवर टाकता येत नाही, तो शिअर वॉलना, म्हणजे आडवा भार घेण्यासाठी केलेल्या काँक्रीटच्या भिंतींना, घ्यावा लागतो. त्याचा परिणाम पुढे आकड्यांत दाखवला आहे.

तिसरी पोस्ट-टेन्शन स्लॅबची, म्हणजे ताण दिलेल्या केबलांच्या आधारावर केलेला पातळ सपाट स्लॅब. कार्यालयांसाठी ती उत्तम आहे. रुग्णालयात मात्र आम्ही तिला मागे ठेवतो, कारण इमारत चालू झाल्यावर स्लॅबला भोके पाडण्याचे काम थांबतच नाही आणि प्रत्येक भोकाआधी केबल कुठे आहेत ते यंत्राने शोधावे लागते. एकदा केबल कापली गेली की नुकसान फक्त त्या भोकापुरते राहत नाही, कारण त्या केबलचा ताण बऱ्याच लांबीवरून जाऊ शकतो.

चौथी स्टीलचे बीम आणि त्यांवर पन्हाळी पत्र्यावर ओतलेला काँक्रीट स्लॅब. काम झपाट्याने होते, इमारत हलकी होते आणि पुढे एखादा बीम मजबूत करायचा असल्यास त्याला पट्टी जोडता येते. अडचण तिच्या हलकेपणातच आहे. भूकंपात जो गुण ठरतो तोच पावलांच्या कंपनात दोष होतो, कारण एका पावलाचा धक्का पचवायला मजल्याखाली पुरेसे वजनच नसते. वॉर्डांसाठी ती जमवता येते, पण शस्त्रक्रियागृहांखाली स्लॅब जाड आणि बीम खोल करत गेले की तिचा हलकेपणाचा फायदा संपतो.

स्लॅब मजबूत असेल आणि त्याची झोळ मर्यादेत असेल तर कंपन वेगळे तपासायचे कशाला?

हा प्रश्न अभियंतेही विचारतात. काँक्रीटच्या बांधकामाचे मानक असलेल्या आयएस ४५६ मधील झोळीची मर्यादा भिंतींना तडे जाऊ नयेत आणि मजला डोळ्यांना वाकलेला दिसू नये यासाठी आहे. ती महिन्या-वर्षांत हळूहळू होणाऱ्या झोळीबद्दल बोलते. पावलांचे कंपन सेकंदाच्या दहाव्या भागात घडते आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे लहान असते. सूक्ष्मदर्शकातून नस शिवणाऱ्या शल्यविशारदाला मात्र तेवढेही पुरते, कारण सूक्ष्मदर्शक हातातील सुईबरोबर मजल्याची हालचालही मोठी करून दाखवतो. आमच्या नमुन्यात ताकदीसाठी २५० मिलिमीटरचा फ्लॅट स्लॅब पुरला असता. पुढे दिसेल की कंपनासाठी तो वॉर्डलाही पुरत नाही.

कोणत्या खोलीत किती कंपन चालते?

आयएस ४५६ मध्ये काँक्रीटच्या मजल्यासाठी पावलांच्या कंपनाची थेट मर्यादा नाही. आयएस ८०० मध्ये स्टीलच्या मजल्यांसाठी एक परिशिष्ट आहे, पण ते रुग्णालयासाठी लिहिलेले नाही. म्हणून आम्ही ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेच्या एचटीएम ०८-०१ या मार्गदर्शिकेतील मोजमाप घेतो. माणसाला जेमतेम जाणवेल अशा कंपनाला तिथे १ मानले जाते आणि मजल्याचे कंपन त्याच्या किती पट आहे त्याला प्रतिसाद गुणक म्हणतात. आठ हर्ट्झच्या वरच्या मजल्यांसाठी १ म्हणजे सेकंदाला ०.१ मिलिमीटर एवढा वर्गमध्यमूळ, म्हणजे एक प्रकारे सरासरी, वेग. शस्त्रक्रियागृहात हा गुणक १ पर्यंत, वॉर्डमध्ये २ पर्यंत, उपचाराच्या खोल्या आणि साध्या प्रयोगशाळांत ४ पर्यंत, तर कार्यालये व तपासणीच्या खोल्यांत ८ पर्यंत चालतो.

भूकंपाच्या हिशेबातही एक प्रतिसाद गुणक येतो आणि बैठकीत दोघांचा घोळ हमखास होतो. त्या दुसऱ्याने भूकंपाचा भार भागतात, म्हणून त्याला या पानावर आम्ही न्यूनीकरण गुणक म्हटले आहे.

एका माणसाच्या चालण्याने एवढा जड स्लॅब हलतो तरी कसा?

माणूस खोलीत साधारण सेकंदाला १.८ पावले टाकतो आणि लांब कॉरिडॉरमध्ये घाईने चालताना २.५ पर्यंत जातो. पावलाचा धक्का साधा नसतो. त्यात पावलांच्या वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट आणि चौपट वारंवारतेचेही अंश असतात. मजल्याची स्वतःची वारंवारता या पटींपैकी एखाद्या पटीशी जुळली तर प्रत्येक पाऊल आधीच्या कंपनात भर घालते, जसा झोका बरोबर वेळेवर ढकलला की वाढत जातो. चौपटीच्या पुढचे अंश इतके क्षीण असतात की हिशेबात ते सोडून देतात. म्हणून २.५ ची चौपट, म्हणजे १० हर्ट्झ, ही महत्त्वाची रेषा आहे. मजला तिच्या वर असेल तर कंपन साचत नाही. प्रत्येक पावलाने मजला घंटेसारखा एकदा थरथरतो आणि पुढचे पाऊल पडेपर्यंत बराच शांत होतो. पण तो सुटा थरथराटही किती मोठा आहे हे पाहावेच लागते आणि तिथे वजन कामी येते. नुसती वारंवारता सांगून कंपनाचा प्रश्न सुटला असे म्हणणारा अहवाल अर्धाच असतो.

हा हिशेब एका चौकासाठी करून दाखवता येईल का?

येईल. प्राथमिक टप्प्यावर तो हाताने करता येतो आणि एकदा तरी हातानेच करावा.

फ्लॅट स्लॅबपासून सुरुवात करू. जाडी २५० मिलिमीटर असेल आणि फरशी, छत व यंत्रणांचे वजन धरले तर चौरस मीटरला सुमारे ८४० किलो वजन होते. एवढ्या वजनाने ड्रॉपसह स्लॅबची तात्काळ झोळ सुमारे ४ मिलिमीटर येते. झोळीवरून वारंवारता काढण्याचे एक जुने, विश्वासू सूत्र आहे, ज्यात झोळ मिलिमीटरमध्ये घालतात :

f = 18 / √δ

म्हणजे वारंवारता ९ हर्ट्झ. ८.४ मीटरच्या चौकाचा साधारण चौथा हिस्सा, सुमारे १५ टन, कंपनात भाग घेतो. एका पावलाचा परिणामी आवेग पुढील सूत्राने मिळतो, ज्यात पहिली वारंवारता पावलांची आणि दुसरी मजल्याची आहे :

I = 54 × f_p^1.43 / f_n^1.3

१.८ पावलांसाठी तो सुमारे ७.२ न्यूटन-सेकंद येतो. त्याला १५ टनांनी भागले की कमाल वेग सेकंदाला जवळजवळ अर्धा मिलिमीटर होतो. अवमंदन, म्हणजे कंपन विरत जाण्याचे प्रमाण, ३ टक्के धरून दोन पावलांमधील सरासरी काढली तर प्रतिसाद गुणक २.३ येतो. शस्त्रक्रियागृहाला हवा १, वॉर्डला २. म्हणजे हा स्लॅब दोन्हीकडे नापास झाला.

याहून वाईट गोष्ट कॉरिडॉरमध्ये आहे. तिथे कोणी सेकंदाला २.२५ पावलांनी चालले तर त्याची चौपट बरोबर ९ हर्ट्झ होते. मजला साचत्या कंपनात सापडतो आणि चालणारा चौकाच्या मध्यावर असेल तर गुणक ९ च्या घरात जातो. रात्रपाळीच्या परिचारिकेची घाई म्हणजे काही अपवादात्मक प्रसंग नव्हे.

आता जाडी वाढवून पाहू. ३०० मिलिमीटरला वारंवारता ११ हर्ट्झ होते, १० ची रेषा ओलांडली जाते आणि गुणक १.४ वर येतो, जो वॉर्डसाठी चांगला आहे. ३५० मिलिमीटरला वारंवारता १३ हर्ट्झ आणि गुणक ०.९५ होतो, म्हणजे शस्त्रक्रियागृह कसेबसे उत्तीर्ण. जाडीचा फायदा दुहेरी आहे हे इथे दिसते : मजला कडकही होतो आणि जडही.

बीमच्या चौकटीत उलट चित्र निघते. दुय्यम बीम आणि १५० मिलिमीटरचा स्लॅब असलेला चौक साडेअकरा हर्ट्झच्या आसपास जातो, म्हणजे वारंवारता छान. पण त्याचे वजन चौरस मीटरला ७२० किलोच असल्यामुळे गुणक १.८ येतो. वॉर्ड उत्तीर्ण होतो, शस्त्रक्रियागृह नाही. तिथे आणखी एक दुय्यम बीम घालून आणि स्लॅब २०० मिलिमीटर करूनही गुणक १.३ ते १.४ वरच अडकतो, कारण कडकपणा वाढतो पण वजन पुरेसे वाढत नाही. मग आम्ही शस्त्रक्रियागृहांच्या चौकांतून दुय्यम बीम काढूनच टाकले आणि कॉलमांच्या रेषांवरील ७०० मिलिमीटरच्या बीमांवर चारही बाजूंनी टेकलेला ३०० मिलिमीटरचा भरीव स्लॅब घातला. वारंवारता १२.७ हर्ट्झ आणि गुणक जवळजवळ बरोबर १ आला. शिवाय चौकाच्या मध्ये बीम न राहिल्यामुळे दिव्यांवरील हवेच्या पेटीला जागा मोकळी झाली, जी खरे तर आम्ही मागायला गेलोच नव्हतो.

हे सर्व आकडे एकाच कंपन-प्रकाराचे आहेत. शेजारचे चौक एकमेकांना ओढत असतात, म्हणून पुढच्या टप्प्यात संपूर्ण मजल्याचे संगणकीय प्रतिमान करून हे तपासावेच लागते. काठावर बसलेला १ हा आकडा त्या तपासणीआधी पक्का धरू नये.

एवढा फायदा असेल तर सगळीच इमारत जाड स्लॅबची का करू नये?

कारण भूकंपाचा भार वजनाच्या प्रमाणात वाढतो. फ्लॅट स्लॅब सगळीकडे २५० ऐवजी ३५० मिलिमीटर केला तर चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन, म्हणजे २०,००० चौरस मीटरच्या इमारतीत ५०,००० किलोन्यूटन वजन वाढते. भिंती व कॉलम धरून एकूण वजन सुमारे २,२०,००० किलोन्यूटन असताना ही जवळजवळ पावपट भर आहे. ती पायापर्यंत जाते. याउलट बीमच्या चौकटीत फक्त शस्त्रक्रियागृहांचे बारा चौक भरीव केले तर दुय्यम बीमचे वजन वजा जाता सुमारे २,४०० किलोन्यूटन, म्हणजे जेमतेम १ टक्का वजन वाढते. त्या मजल्याचे वजन शेजारच्या मजल्यांपेक्षा एक दशांशाहून कमी वाढते, त्यामुळे मजल्यामजल्यांतील वजनाच्या असमतोलाचा प्रश्नही उभा राहत नाही.

चौकटीच्या निवडीतही भूकंपाचा वाटा मोठा आहे. लवचीक तपशिलांच्या बीम-कॉलम चौकटीला शिअर वॉलची जोड दिली तर न्यूनीकरण गुणक ५ मिळतो. फ्लॅट स्लॅब आणि शिअर वॉलच्या इमारतीला तो फक्त ३ मिळतो आणि छतापाशी इमारतीचे आडवे सरकणे उंचीच्या ०.१ टक्क्याच्या आत ठेवावे लागते. आमच्या इमारतीत आडवा भार पहिल्या पद्धतीत वजनाच्या ६ टक्के, तर दुसऱ्या पद्धतीत १० टक्के येतो. एवढा भार घ्यायला दोन्ही दिशांना बऱ्याच लांब भिंती लागतात आणि त्यांना दारे-खिडक्या मुक्तपणे पाडता येत नाहीत. सपाट छताने दिलेली मोकळीक अशा रीतीने मजल्याच्या नकाशात परत द्यावी लागते.

मग अहवालाची शिफारस काय आहे?

या नमुन्यासाठी लिफ्ट आणि जिन्यांभोवती शिअर वॉल असलेली बीम-कॉलम चौकट, वॉर्ड व इतर विभागांत दुय्यम बीम आणि १५० मिलिमीटरचा स्लॅब, शस्त्रक्रियागृहांच्या चौकांत ३०० मिलिमीटरचा भरीव स्लॅब. भूखंडावर इमारतीच्या उंचीची मर्यादा कडक असती आणि मजला ४ मीटरमध्ये बसवावा लागला असता, तर आम्ही ३०० मिलिमीटरच्या फ्लॅट स्लॅबकडे वळलो असतो आणि भिंतींची किंमत मान्य केली असती.

शस्त्रक्रियागृहाच्या वरचा मजला कोण तपासतो?

बहुतेक वेळा कोणीच नाही, आणि ही खरोखरची चूक आहे. शस्त्रक्रियेचे दिवे, वायूंचे टांगते खांब आणि पुष्कळदा सूक्ष्मदर्शकही वरच्या स्लॅबला टांगलेले असतात. टेबल खालच्या मजल्यावर, भिंग वरच्या मजल्यावर. खालचा स्लॅब कितीही शांत असला तरी वर चालणाऱ्याच्या पावलांनी भिंग थरथरते आणि लांब दांडीमुळे तो थरथराट आणखी मोठा होतो. आमच्या नमुन्यात वर यंत्रसामग्रीचा मजला आहे, म्हणजे पावले कमी पण पंखे चोवीस तास फिरते. म्हणून हवेची यंत्रे शस्त्रक्रियागृहांच्या थेट वर न ठेवता कॉरिडॉरच्या वर सरकवावी, त्यांना स्प्रिंगांवर बसवावे आणि टांगत्या सूक्ष्मदर्शकासाठी वरचा चौकही खालच्यासारखाच भरीव करावा, असे अहवालात लिहिले आहे. वरचे हे भरीव चौक धरले की आधी सांगितलेली १ टक्क्याची भर दीड ते दोन टक्क्यांवर जाऊ शकते.

अहवालात ‘लवचिकता’ हा शब्द येतो. तिचा इमारत वाकण्याशी संबंध आहे का?

नाही. भूकंपाच्या भागात लवचीक म्हणजे तुटण्याआधी वाकणारी चौकट, आणि विभागांच्या भागात लवचिकता म्हणजे पुढे बदल करण्याची मुभा. शब्द एकच पडल्यामुळे गोंधळ होतो, म्हणून इथून पुढे आम्ही बदलाची सोय असेच म्हणू.

पुढे स्लॅबला भोके पाडायची झाली तर कुठे पाडता येतील?

फ्लॅट स्लॅबसाठी आयएस ४५६ चे नियम स्पष्ट आहेत. चौकाच्या अगदी मध्ये, दोन्ही दिशांच्या मधल्या पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात तिथे, तुटलेल्या सळ्यांची भरपाई केली तर हव्या त्या मापाचे भोक चालते. ८.४ मीटरच्या चौकात ही जागा ४.२ बाय ४.२ मीटरची आहे. कॉलमभोवती, जिथे दोन कॉलम-पट्ट्या एकमेकींवर येतात, तिथे मात्र पट्टीच्या रुंदीच्या आठव्या हिश्श्याहून, म्हणजे ५२५ मिलिमीटरहून मोठे भोक चालत नाही. दुर्दैवाने शौचालयाचे नळ कॉलमला चिकटूनच खाली आणण्याची आपली सवय आहे. नेमकी तीच जागा फ्लॅट स्लॅबमध्ये सर्वांत नाजूक असते, कारण कॉलम स्लॅबमधून भोसकून वर येण्याचा धोका तिथेच असतो.

बीमच्या चौकटीत नियम सांगायला सोपा आहे : बीम सोडून कुठेही. तरी नंतर भरपाई करण्यापेक्षा आधीच जागा राखणे बरे. आम्ही प्रत्येक चौकात दुय्यम बीमच्या बाजूला ६०० मिलिमीटरची एक पट्टी राखीव ठेवली आहे. तिच्याभोवती जादा सळ्या आत्ताच घातल्या जातील आणि ती पट्टी अंतिम नकाशावर वेगळ्या रंगात दाखवली जाईल. तो नकाशा देखभाल विभागाच्या भिंतीवर लावलेला असावा, कपाटात नव्हे.

भार किती धरावा, म्हणजे उद्या वॉर्डचा दुसरा विभाग करता येईल?

आयएस ८७५ (भाग २) प्रमाणे वॉर्डला चौरस मीटरला २ किलोन्यूटन, कॉरिडॉरला ४, आणि शस्त्रक्रिया व क्ष-किरणाच्या खोल्यांना प्रत्यक्ष हिशेबाने पण किमान ३ धरावे लागतात. भिंती सरकल्या की कॉरिडॉरही सरकतो, म्हणून सगळीकडे ४ धरा असा सल्ला सहज दिला जातो. त्यात एक खाच आहे. भूकंपाच्या वजनात, म्हणजे भूकंपाचा भार काढताना धरायच्या वजनात, ३ पर्यंतच्या भाराचा २५ टक्के भाग धरतात आणि त्याहून जास्त भाराचा ५० टक्के. म्हणजे वॉर्डला २ ऐवजी ४ धरले तर भूकंपाच्या वजनात ०.५ ऐवजी २ किलोन्यूटन येतात आणि सर्व मजल्यांवर मिळून ही भर आधीच्या जाड स्लॅबच्या निम्म्याहून अधिक होते. म्हणून वॉर्डांच्या मजल्यांवर खोल्यांना ३, मुख्य कॉरिडॉरच्या पट्ट्याला ४, आणि रोगनिदानाचे विभाग असलेल्या खालच्या दोन मजल्यांवर ५ अशी आमची शिफारस आहे. हलक्या भिंतींसाठी वेगळा १ किलोन्यूटन धरला आहे. वॉर्डवर पुढे कधीतरी विटांच्या भिंती बांधायच्या असतील तर हे पुरणार नाही, आणि ते विश्वस्तांना लेखी कळवावे.

एमआरआय कोणत्या मजल्यावर ठेवावा?

शक्यतो तळमजल्यावर. चुंबकाचे वजन अनेक टन असते, तो आत आणण्याचा मार्गही तेवढाच भार घेणारा लागतो, आणि लिफ्ट किंवा गाड्यांसारखे हलते लोखंड जवळ असले तर प्रतिमा बिघडतात. चुंबकाखालच्या स्लॅबमध्ये किती पोलाद चालते याची मर्यादा यंत्राचा उत्पादक देतो. ती मिळेपर्यंत तो चौक पक्का करू नये. आमच्या नमुन्यात खाली वाहनतळ असल्याने त्या एका चौकाखाली गाड्या उभ्या करायच्या नाहीत, असे ठरवले आहे.

बांधकाम झाल्यावर मजला खरोखर तेवढा शांत आहे हे कसे कळते?

मोजून. स्लॅबचे टेकू काढल्यानंतर आणि भिंती उभ्या राहण्याआधी एकदा, आणि खोली सजल्यानंतर पुन्हा एकदा कंपनमापक ठेवून मोजावे. पहिल्या मोजणीत टाच उचलून जमिनीवर आपटली की मजल्याची वारंवारता आणि अवमंदन दोन्ही मिळतात. उघड्या स्लॅबचे अवमंदन ३ टक्के मिळणार नाही, ते त्याच्या निम्म्याच्या आसपास असू शकते, कारण भिंती, छत आणि फरशीच कंपन शोषतात. त्यामुळे पहिल्या मोजणीत प्रतिसाद गुणक थोडा जास्त दिसला तर घाबरू नये. वारंवारता मात्र हिशेबाच्या जवळ यायला हवी. ती १० हर्ट्झच्या खाली आली तर बीमना अपेक्षेपेक्षा जास्त तडे गेले आहेत, टेकू लवकर काढले गेले आहेत किंवा काँक्रीट कमी प्रतीचे आहे, या तीन शक्यता त्याच क्रमाने तपासाव्यात.

याच कारणाने नूतनीकरणाच्या वेळीही सावध राहावे. शस्त्रक्रियागृहाशेजारच्या विटांच्या किंवा जिप्समच्या भिंती काढून मोठा दालनवजा हॉल केला तर स्लॅब तोच राहतो, पण अवमंदन घटते आणि वर्षानुवर्षे शांत असलेल्या मजल्याबद्दल अचानक तक्रारी येऊ लागतात. फिजिओथेरपीची ट्रेडमिल नव्याने त्याच मजल्यावर आणली तरी हेच होते, कारण पळणाऱ्याची पावले चालणाऱ्यापेक्षा जोरकस आणि अधिक नियमित असतात. अशा प्रत्येक बदलाआधी एका दिवसाची मोजणी पुरते, आणि तुलनेसाठी इमारत सुरू होतानाचे आकडे जपून ठेवलेले असावे लागतात.